पॅन दिलं, तरी व्याजातून वीस टक्केच गेले

सासूबाईंच्या पासबुकात 30 जून 2024 च्या तारखेला दोन नोंदी होत्या. एक 22,500 रुपये जमा, मुदत ठेवीचं व्याज. दुसरी 4,500 रुपये नावे, टीडीएस. 12 लाखांची ठेव, साडेसात टक्के दर, व्याज दर तिमाहीला बचत खात्यात. त्यामुळे 22,500 हा आकडा बरोबरच होता. खटकला तो दुसरा. व्याजावर बँक 10 टक्के कापते हे ठाऊक होतं, म्हणजे 2,250 जायला हवे होते. 4,500 म्हणजे नेमके दुप्पट. बँकेने काय केलंय हे ओळखायला एवढा भागाकार पुरतो: कापलेली रक्कम व्याजाच्या एक दशांश असेल तर नेहमीची कपात, एक पंचमांश असेल तर पॅनची भानगड. तेव्हा लागू असलेल्या 1961 च्या प्राप्तिकर कायद्याचं कलम 206एए सांगायचं की ज्याच्या पैशातून कर कापायचा आहे त्याने पॅन दिलं नसेल, तर कपात 20 टक्क्यांनी करायची.

मुळात ही ठेव सासऱ्यांची होती. पहिलं नाव त्यांचं, दुसरं सासूबाईंचं. जोड ठेवीत टीडीएस पहिल्या नावावर कापला जातो, त्यामुळे सासूबाईंच्या पॅनची कधी कोणाला गरजच पडली नव्हती. सासरे गेल्यावर एप्रिलमध्ये ठेव त्यांच्या एकट्यांच्या नावावर झाली आणि गणित बदललं. त्यांच्या स्वतःच्या छोट्या ठेवी आधी होत्या, पण त्यांचं व्याज मर्यादेच्या खूपच खाली असायचं. तेव्हा ज्येष्ठ नागरिकांना एका बँकेतलं वर्षाचं व्याज 50,000 होईपर्यंत टीडीएस नव्हता. पॅन नसलं की पहिल्या रुपयापासून वीस टक्के कापतात असा एक समज आहे, तो खरा नाही. कर कापायचीच वेळ येते तेव्हा दर कोणता लावायचा, एवढंच 206एए ठरवायचं. इथे मात्र वर्षाचं व्याज 90,000 होणार हे बँकेला पहिल्या दिवसापासून दिसत होतं, म्हणून पहिल्याच तिमाहीपासून कात्री लागली.

बँकेत काउंटरवरच्या मुलीने सासूबाईंचा कस्टमर आयडी उघडला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. पॅनचा रकाना रिकामा. त्याच्या खाली फॉर्म 60 ची खूण. फार वर्षांपूर्वी खातं उघडताना पॅन नव्हतं, म्हणून ‘माझ्याकडे पॅन नाही’ असं लिहून दिलेलं होतं. ठराविक व्यवहारांसाठी पॅनऐवजी फॉर्म 60 चालतो, खातंही उघडता येतं, ठेवही ठेवता येते. पण टीडीएसच्या बाबतीत तो काहीच वाचवत नाही. पॅन नाही म्हणजे नाही, वीस टक्के.

“पण पॅन आहे की माझं,” सासूबाई म्हणाल्या. “दादानं काढून दिलंय.”

घरी येऊन कपाट उपसलं तेव्हा कागदांच्या पिशवीत कार्ड सापडलं आणि खरी गोष्ट तिथे सुरू झाली. कार्ड होतं ते माहेरच्या नावाचं. माहेरच्या जमिनीची वाटणी झाली तेव्हा त्यांच्या थोरल्या भावाने शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून ते काढून घेतलं होतं. आपल्याकडे त्या पिढीत लग्नात नुसतं आडनाव बदलत नसे, नावही बदलायचे. म्हणजे कार्डावरचं नाव, मधलं नाव आणि आडनाव, तिन्ही वेगळी. बँकेतलं खातं आणि आधार सासरच्या नावाने. जन्मतारीखही वेगळी. कार्डावर 1 जून 1956, कारण शाळेत घालताना गुरुजींनी निम्म्या वर्गाला 1 जूनच लावलेली. आधारवर 1 जानेवारी 1957, कारण आधार काढताना नुसतं वय सांगितलं, आणि तारीख माहीत नसेल तर तिथे 1 जानेवारी पडते. सासूबाईंना दोन्ही तारखा सारख्याच परक्या. त्यांच्या मते त्या ‘आषाढातल्या’.

जुलैत कार्डाची प्रत बँकेत दिली. अधिकाऱ्यांनी दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं लिहून घेतलं, मामांच्या आणि घरच्या कागदांच्या प्रती जोडून घेतल्या आणि नंबर भरून टाकला. रकाना भरला, आता सप्टेंबरला दहाच टक्के कापतील, असं ते म्हणाले. शिवाय सासूबाईंना पगार-धंदा नाही, कुटुंब निवृत्तिवेतन महिन्याला 15,000, वर्षाचे 1,80,000. त्यात व्याजाचे 90,000 मिळवले तरी 2,70,000. त्या वर्षी करमुक्त मर्यादा 3 लाख. म्हणजे कर शून्य, आणि कर शून्य असणाऱ्या ज्येष्ठाने फॉर्म 15एच दिला की टीडीएस कापतच नाहीत. तो फॉर्मही तिथेच भरून दिला.

सप्टेंबरचं व्याज आलं. 22,500 जमा, 4,500 नावे.

या वेळी पॅनचा रकाना भरलेला होता, पण त्याच्या शेजारी बँकेच्या प्रणालीने ‘Inoperative’ असं दाखवलं होतं, आणि 15एच त्याच कारणाने नामंजूर झाला होता. पॅन खात्याला जोडलं की काम झालं असं आपण धरून चालतो. बँक तो नंबर प्राप्तिकर विभागाकडे तपासते. तो नंबर अस्तित्वात असणं ही एक गोष्ट आणि तो चालू असणं ही दुसरी. आधारशी न जोडलेली पॅन 1 जुलै 2023 पासून निष्क्रिय ठरली. निष्क्रिय पॅन म्हणजे रद्द नव्हे, नंबर त्याच माणसाचा राहतो. पण टीडीएससाठी ते दिलंच नाही असं समजायचं, दर पुन्हा वीस टक्के, आणि ते सुरू होईपर्यंत कराचा परतावाही अडकतो. सगळ्यांनाच आधार जोडणं सक्तीचं नाही. 80 वर्षं पूर्ण झालेल्यांना सूट आहे, आसाम, मेघालय आणि जम्मू-काश्मीरच्या रहिवाशांनाही आहे. सासूबाई 68 च्या, साताऱ्याच्या. कुठेच बसत नव्हत्या.

ही स्थिती बँकेत न जाताही कळते. प्राप्तिकराच्या ई-फायलिंग संकेतस्थळावर पहिल्याच पानावर ‘Link Aadhaar Status’ असतं, लॉगिन लागत नाही, पॅन आणि आधार नंबर टाकला की जोडलंय की नाही ते सांगतं. त्याच्याच आसपास ‘Verify PAN Status’ आहे. तिथे पॅन, पूर्ण नाव, जन्मतारीख आणि मोबाइल टाकायचा. हे दुसरं मला जास्त उपयोगी वाटलं, कारण विभागाच्या नोंदीत नाव नेमकं कसं आहे याची परीक्षा तिथेच होते. मी आधी सासरचं नाव टाकून पाहिलं, जुळलं नाही. माहेरचं नाव आणि 1 जून टाकल्यावर जुळलं.

मग लगेच आधार जोडून टाकावं असं कोणालाही वाटेल. उशिराबद्दल 1,000 रुपये शुल्क भरायचं आणि जोडायचं. पण नाव आणि जन्मतारीख जुळत नसेल तर जोडणी तिथेच अडते. थोडाफार फरक, एखादं अक्षर इकडेतिकडे, असेल तर गोष्ट वेगळी. इथे तिन्ही शब्द वेगळे आणि तारीखही वेगळी. म्हणून आधी दोन कागद एकसारखे करायचे, मग शुल्क, हा क्रम मी ठरवला.

कोणता बदलायचा? आधारवरचं नाव सासरचं, आणि तेच बँकेत, निवृत्तिवेतनात, रेशनकार्डावर, मतदार यादीत. त्यात आधारवर जन्मतारीख आयुष्यात एकदाच बदलता येते. ती संधी यासाठी खर्च करायची नाही असं मी म्हटलं. पॅन एकटं वेगळं होतं, तेव्हा पॅनच बदलायचं. खरी तारीख कोणती या वादात न पडता.

पॅन दुरुस्तीचा अर्ज वेगळा असतो, नवीन पॅनचा नव्हे. घाईत लोक नवीन काढायला जातात आणि दोन पॅन होऊन बसतात, ते आणखी महागात पडतं. दुरुस्तीच्या अर्जात प्रत्येक रकान्याच्या डावीकडे एक छोटा चौकोन असतो. तुम्ही पूर्ण अर्ज भरता, पण ज्या चौकोनात खूण केली तेवढीच माहिती बदलतात. आम्ही दोनच ठिकाणी खूण केली, नाव आणि जन्मतारीख. आडनावाचा रकाना सर्वात आधी येतो, मग पहिलं नाव, मग मधलं. मधल्या नावात नवऱ्याचं नाव गेलं, आधारवर आहे तसं. पण त्याच्या पुढे वडिलांच्या नावाचा रकाना आहे आणि तिथे विवाहित बाईनेही वडिलांचंच नाव लिहायचं. पॅन केंद्रावरच्या मुलाने सवयीने तिथे सासऱ्यांचं, म्हणजे नवऱ्याचं, नाव टाइप केलं होतं. मी प्रिंट निघायच्या आत थांबवलं. तो म्हणाला, “ताई, निम्म्या बायका असंच देतात.”

नावाच्या बदलाचा पुरावा हा खरा अडथळा होता. विवाहामुळे नाव बदललेल्या स्त्रियांसाठी विवाह नोंदणीचा दाखला चालतो, लग्नपत्रिकाही यादीत आहे, राजपत्रात छापलेली नावबदलाची जाहिरात चालते, पासपोर्टवर नवऱ्याचं नाव असेल तर तो चालतो, नाहीतर राजपत्रित अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र. यांच्या लग्नाची नोंदणी कधी झालीच नव्हती. लग्नपत्रिका चक्क मिळाली, पिवळी पडलेली, हळदीच्या डागासकट. पण पत्रिकेवर नवरीचं माहेरचं नाव असतं. नवं नाव तांदळात लिहिलं गेलं ते लग्नानंतर, ते कुठल्या पत्रिकेवर असणार? म्हणून तो कागद बाजूला ठेवला. राजपत्राची वाट लांबची होती. शेवटी ओळखीच्या एका राजपत्रित अधिकाऱ्यांकडून ठरलेल्या नमुन्यात प्रमाणपत्र घेतलं: अमुक नावाची आणि तमुक नावाची व्यक्ती एकच, फोटोवर सही-शिक्का. त्यांनी ते सहज दिलं नाही, बरोबरच आहे. शाळेचा दाखला, जुनं पॅन, आधार, मामांचं तोंडी सांगणं असं सगळं बघून मगच सही केली. जन्मतारखेसाठी आधारची प्रत लावली. शुल्क 107 रुपये.

कार्ड आलं तेव्हा सासूबाईंनी उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, “नंबर तोच कसा?” नंबर तोच राहतो, नाव बदलल्याने पॅन बदलत नाही. पॅनच्या दहा खुणांत चौथं अक्षर माणसाचा प्रकार सांगतं, व्यक्तीसाठी ‘P’, आणि पाचवं अक्षर आडनावाचं पहिलं. त्यामुळे त्यांच्या पॅनमध्ये पाचवं अक्षर आजही माहेरच्या आडनावाचंच आहे. त्यांना हे फार आवडलं. बँकेत मात्र एका साहेबांना तेच खटकलं होतं, आडनाव एक आणि अक्षर दुसरं. ते चूक नाही हे समजावून सांगावं लागलं.

नवीन नाव विभागाच्या नोंदीत चढलंय याची ‘Verify PAN Status’ वर खात्री झाल्यावरच 1,000 रुपये भरले. ‘e-Pay Tax’ मध्ये पॅन टाकून, मोबाइलवरचा ओटीपी देऊन आत गेलं की प्राप्तिकराच्या खाली ‘Other Receipts (500)’ हा प्रकार निवडायचा आणि त्यात पॅन-आधार उशिरा जोडण्याचं शुल्क हा उपप्रकार. इथे चुकून दुसरा प्रकार निवडला तर पैसे सरकारात जातात, पण जोडणीच्या पानावर दिसत नाहीत. पावती दिसायला लागली की ‘Link Aadhaar’ मध्ये आधारवरचं नाव जसंच्या तसं लिहून विनंती टाकायची. विनंती गेल्यावर पॅन सुरू व्हायला 30 दिवसांपर्यंत लागू शकतात. आमचं डिसेंबरच्या मध्यावर सुरू झालं.

आणि इथे एक गोष्ट कोणी सांगत नाही. विभागाकडे पॅन सुरू झालं म्हणून बँकेकडे ते आपोआप त्याच दिवशी सुरू होत नाही. बँक तिच्या ठरलेल्या वेळी तपासणी करते, तोवर जुनंच दाखवत राहते. डिसेंबरच्या व्याजाआधी आम्ही शाखेत गेलो, नवीन कार्ड दिलं, पॅन पुन्हा तपासून घ्यायला सांगितलं. जुलैतल्या त्या लिहून दिलेल्या कागदाची आता गरज नव्हती, नाव सरळ जुळलं. आधीचा 15एच नामंजूर झालेला, तो परत जिवंत होत नाही, म्हणून नवा भरला आणि पोच घेतली. 31 डिसेंबरला 22,500 जमा. पुढची ओळ नाही.

राहिले गेलेले 9,000. बँक ते परत देऊ शकत नाही, कारण ते तिने सरकारात भरलेले असतात. ते विवरणपत्र भरूनच मिळतात, आणि विवरणपत्रात त्यांचा दावा तेव्हाच टिकतो जेव्हा फॉर्म 26एएस मध्ये, म्हणजे आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या विभागाकडच्या उताऱ्यात, ते आपल्या पॅनसमोर दिसतात. मी 26एएस उघडला तर एकच नोंद, सप्टेंबरची, 4,500. जूनचे 4,500 कुठेच नाहीत.

थोडं डोकं लावल्यावर उलगडलं. सप्टेंबरमध्ये बँकेकडे नंबर होता, फक्त निष्क्रिय. त्यामुळे तिमाही टीडीएस विवरणात तो नंबर गेला आणि पैसे त्याच्यासमोर जमा झाले, फक्त जास्त दराने. जूनमध्ये रकानाच रिकामा होता. अशा वेळी बँक विवरणात पॅनच्या जागी `PANNOTAVBL` असं भरते. पैसे सरकारात पोचतात, पण कोणाच्याच नावे लागत नाहीत. म्हणून 26एएस मध्ये कपात दिसते की नाही यावरूनच कळतं की आपली अडचण कोणती: दिसत असेल आणि दर वीस असेल तर पॅन पोचलंय पण निष्क्रिय आहे, दिसतच नसेल तर बँकेकडे पॅन पोचलेलंच नाही, किंवा चुकीचं पोचलंय.

दुसऱ्या प्रकारावर इलाज एकच. बँकेने त्या तिमाहीचं दुरुस्ती विवरण भरायचं. शाखा ते करत नाही, ते मुख्य कार्यालयातल्या टीडीएस विभागाचं काम, आणि शाखेला त्याची घाई नसते. लेखी अर्ज दिला, त्यात कस्टमर आयडी, ठेवीचा क्रमांक, व्याजाची तारीख, कापलेली रक्कम आणि पॅन लिहिलं, पासबुकाच्या त्या पानाची प्रत जोडली, पोच घेतली. मग मेल, मग पुन्हा मेल. तोंडी सांगितलेलं “पाठवलंय वर” याला काही अर्थ नाही हे पहिल्याच महिन्यात कळलं. 2025 च्या उन्हाळ्यात एकदाचे जूनचे 4,500 26एएस मध्ये उगवले आणि तेव्हाच मी विवरणपत्राला हात घातला. घाईने एप्रिलमध्ये भरलं असतं तर 4,500 चाच परतावा मागता आला असता आणि उरलेल्यासाठी सुधारित विवरणपत्र भरत बसावं लागलं असतं.

परतावा ज्या खात्यात हवा ते खातं ई-फायलिंगवर आधी पडताळून घ्यावं लागतं. तिथेही तीच परीक्षा: खात्यातलं नाव पॅनवरच्या नावाशी जुळतंय का, खात्याला पॅन जोडलेलं आहे का. वर्षापूर्वी ही पडताळणी नक्कीच फसली असती. आता एका दमात झाली. विवरणपत्रात व्याजाचे पूर्ण 90,000 दाखवले. हातात आलेली कमी रक्कम दाखवायची नसते. निवृत्तिवेतन दाखवलं, कर शून्य, परतावा 9,000. तो आला.

1 एप्रिल 2025 पासून ज्येष्ठांसाठी टीडीएसची मर्यादा एका बँकेत वर्षाला 1 लाख झाली. सासूबाईंचं व्याज 90,000. त्यामुळे आता 15एच दिला नाही तरी कापणार नाहीत, असं शाखेत सांगितलं. तरी आम्ही दिला. त्यांच्या एका छोट्या ठेवीचंही व्याज त्याच बँकेत येतं आणि मर्यादा एका ठेवीला नसते, सगळ्या शाखांतल्या सगळ्या ठेवी मिळून असते. दोन्हींची बेरीज लाखाच्या अगदी जवळ जाते.

नव्या पॅनची प्रत आता बाकी ठिकाणीही देत चाललेय. एक विमा पॉलिसी अजून माहेरच्या नावावर आहे, मामांनीच काढलेली. ती पुढच्या वर्षी संपते. तेव्हा पैसे ज्या खात्यात येणार ते सासरच्या नावाचं, म्हणून तिथेही तेच प्रमाणपत्र मागतील. मूळ प्रत मी लॅमिनेट करू दिलेली नाही.